श्रीखंडाच्या आधीची जांभई

"डोकं उठायच्या आदल्या दिवशी मला गोडाची अशी ओढ लागते की राहवत नाही. खाते, आणि सकाळी डोकं फुटायला लागतं. घरचे म्हणतात, तूच ओढवून घेतेस. दुखणं थांबलं तरी दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं, तर ते नाटक वाटतं. माझा स्वतःवर ताबाच नाही का?"

अर्धशिशी असलेल्या बायकांकडून आणि काही पुरुषांकडूनही हे मी वरचेवर ऐकते. कोणी चॉकलेट म्हणतं, कोणी चिवडा, कोणी 'पित्त झालं' म्हणतं. वैशालीचा (नाव बदललं आहे) गुन्हेगार होता श्रीखंड. ती एका दुकानाचे हिशेब पाहते. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून अर्धशिशीचं, म्हणजे मायग्रेनचं, निदान केलेलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. माझ्याकडे ती आली ती अपराधीपणा घेऊन.

मी समुपदेशक आहे आणि विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले समज पुराव्यावर तपासून, काम करते. "माझा ताबा नाही" हे विधान मला दिलासा देऊन पुसायचं नसतं, तपासायचं असतं. म्हणून विचारलं, "होळीला पुरणपोळी खाल्लीत?"

"दोन."

"मग डोकं?"

"नाही उठलं." थोडं थांबून म्हणाली, "पण तेव्हा ओढ नव्हती. सण होता म्हणून खाल्ली."

हे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग सांगितलं, की आता पदार्थांची यादी नको. घड्याळ लावून नोंद ठेवा, आणि डोकं उठलं की आदल्या दोन दिवसांच्या नोंदी उलट क्रमाने वाचा. पुढच्या झटक्यानंतर ती वही घेऊन आली. मी मुद्दाम तिलाच मोठ्याने वाचायला सांगितलं. रात्री साडेआठ, श्रीखंड. सात, मुलावर विनाकारण ओरडले. साडेपाच, मान आखडली. चार, एकामागून एक जांभया, रात्री झोप नीट झाली होती तरी.

ती थांबली. "म्हणजे श्रीखंडाला हात लावला तेव्हा ते सुरू झालंच होतं?"

हो. मायग्रेन दुखण्यापासून सुरू होतं असं आपण धरून चालतो, तिथेच घोळ होतो. भूक, तहान, झोप सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस दुखण्याच्या आधीच जास्त सक्रिय झालेला मेंदूच्या चित्रणात दिसला आहे. काही तास, कधी दोन दिवस आधी जांभया येतात, वारंवार लघवीला लागतं, मान धरते, उजेड खुपतो, मन चिडकं किंवा उदास होतं, खाण्याची ओढ लागते. काहींना एखादा पदार्थ खरोखर बाधतो, हे मी नाकारत नाही. पण ओढ आधी आणि जांभई त्याहून आधी असेल, तर पदार्थावर खटला भरण्यापूर्वी वही पाहावी.

वैशालीच्या वहीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती शोधल्याचं मला आजही बरं वाटतं. श्रीखंड खाल्ल्याची शिक्षा म्हणून ती रात्रीचं जेवण टाळत होती. उपाशी राहणं हे मायग्रेनला चेतवणारं नेहमीचं कारण. पथ्य म्हणून ती जे करत होती, तेच झटक्याला हातभार लावत असावं. मी श्रीखंडाबद्दल काहीच बोलले नाही. जेवण वेळेवर घ्या, एवढंच सांगितलं.

एक धोका असतो. वही हाती आली की माणूस प्रत्येक जांभईला घाबरतो. म्हणून आमचं ठरलं: एकटी जांभई मोजायची नाही, तिच्या नेहमीच्या खुणांपैकी दोन-तीन एकत्र आल्या तरच सावध व्हायचं. सावध होणं म्हणजे लगेच गोळी नव्हे. खुणा दिसूनही कधी दुखत नाही. गोळी कधी घ्यायची हे तिने डॉक्टरांना विचारलं. दुखणं सौम्य असतानाच घ्या, असं त्यांनी सांगितलं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान या मायग्रेनसाठीच्या गोळ्या किंवा एकाहून अधिक औषधं असलेल्या मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस अशा काही महिने घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. खुणांच्या दिवशी ती उशिरापर्यंत जागत नाही, पाणी-जेवण चुकवत नाही, इतकंच.

राहिला नंतरचा दिवस. तिचे सासरे म्हणत, "दुखत नाही ना आता? मग लोळतेस कशाला?" मी सासऱ्यांना बोलावलं नाही, तिच्या नवऱ्याला बोलावलं आणि विचारलं, "पार्टीच्या दुसऱ्या सकाळी तुमचं डोकं कसं चालतं?" तो हसला. "हिचं तसं होतं, न पिता," मी म्हणाले. झटका ओसरल्यावरही बहुधा दिवसभर, कधी त्याहून जास्त, थकवा राहतो, शब्द सापडत नाहीत, डोकं जड वाटतं, खोकलं किंवा पटकन वाकलं की दुखऱ्या जागी क्षणभर कळ येते. काहींना उलट उगाच उत्साह वाटतो आणि ते साठलेली कामं उपसायला बसतात. वैशालीच्या बेरजा मात्र नेमक्या त्याच दिवशी चुकत. आता त्या दिवशी ती बिलं लावते, बेरजा दुसऱ्या दिवशी करते. सासऱ्यांना नवऱ्याने काय सांगितलं माहीत नाही, पण त्यांचं बोलणं थांबलं आहे.

वहीने सगळं उलगडत नाही. एकाएकी क्षणात कळसाला पोचलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा सोबत ताप, हातापायातली कमजोरी, अडखळती जीभ असेल, तर माझ्याकडे येऊ नका. एकाएकी सुरू झालेल्या किंवा ताप-कमजोरीच्या दुखण्यात थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतरच्या नव्या दुखण्यासाठी डॉक्टरांची भेट लांबवू नका.