प्रिंटर मधूनमधून गायब होतो? आधी arp -a बघ

केबल बदलत बसू नकोस. प्रिंटर कधी लागतो, कधी नाही, म्हणजे 192.168.1.50 हा पत्ता आणखी कुणीतरी घेऊन बसलंय, असा माझा पहिला संशय.

तुझा पीसी पहिलं पाकीट पाठवण्याआधी अख्ख्या लॅनला ओरडून विचारतो, ‘.50 कोण?’ हेच एआरपी. जो उत्तर देतो त्याचा मॅक पत्ता पीसी टिपून ठेवतो. दोघांनी उत्तर दिलं तर कुणाचं टिकेल याचा नेम नाही.

प्रिंटर बंद कर आणि हे चालव:

```
arp -d 192.168.1.50
ping 192.168.1.50
arp -a
```

(पहिल्या ओळीला अ‍ॅडमिन हक्क लागतात.) तरीही .50 समोर मॅक दिसला, तर तोच घुसखोर. पिंगला उत्तर आलं नाही तरी चालेल, फायरवॉल पिंग अडवते, एआरपी नाही.

आता तो बसलाय कुठे? हे स्विचला विचार. स्विचला आयपीशी देणंघेणं नसतं. आत आलेल्या प्रत्येक फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा मॅक आणि पोर्ट तो नोंदवतो, बस्स. सिस्कोवर:

```
show mac address-table address 0200.5e10.0a07
```

मॅक तुला सापडलेला घाल. नोंद साधारण 300 सेकंद शांततेनंतर पुसली जाते, म्हणून पिंग चालू ठेवूनच बघ. आलेला पोर्ट दुसऱ्या स्विचकडे जात असेल, तर तिथे जाऊन हाच प्रश्न पुन्हा. साधा अनमॅनेज्ड स्विच असेल तर मात्र एकेक वायर उपटून बघण्यावाचून गत्यंतर नाही.