रेफरन्स कॉलनंतरचा मेसेज पहिल्यांदा लिहिताय?

तुमच्या टीममध्ये काम केलेल्या कुणाबद्दल रिक्रूटरने तुम्हाला फोन करून विचारलं आणि तो कॉल चांगला झाला असेल, तर त्याच मुद्द्यांचा लेखी मेसेज त्याला आजच पाठवा. रिक्रूटर बोलता बोलता घाईत टिपणं घेतो. हायरिंग मॅनेजरला पुढे पाठवायला त्याला तुमचे लेखी शब्द सोयीचे पडतात, म्हणून पाच-सहा ओळी पुरेत.

सुरुवातीला बहुतेक जण विशेषणांची रांग लावतात. ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’ सगळ्यांबद्दलच लिहिलं जातं, त्यामुळे त्याला वजन उरत नाही. कॉलवर आलेले एक-दोनच गुण घ्या आणि प्रत्येकाला घडलेला प्रसंग जोडा. उदाहरणार्थ:

‘आज बोलल्याप्रमाणे, त्या दोन वर्षं थेट माझ्या टीममध्ये होत्या. बिलिंगची सिस्टीम बदलताना जुन्या आणि नव्या नोंदींतली तफावत त्यांनी स्वतःहून पकडली आणि चुकीची बिलं ग्राहकांकडे जाण्याआधी काम थांबवायला लावलं. संधी मिळाली तर मी त्यांना पुन्हा टीममध्ये घेईन.’

शेवटचं वाक्य मनापासून खरं असेल तरच लिहा. ‘पुन्हा घ्याल का?’ हा प्रश्न रिक्रूटर हमखास विचारतात.

आणखी तीन गोष्टी सांभाळा:

- कॉलवर एखादी उणीव सांगितली असेल, तर मेसेजमध्ये तिच्या उलट लिहू नका. दोन्हींत विसंगती दिसली की चांगल्या मुद्द्यांवरही शंका येते.
- आजारपण, रजा, घरची परिस्थिती यांचा उल्लेख कौतुक म्हणूनही नको.
- काही कंपन्या फक्त पद आणि नोकरीच्या तारखा सांगायची मुभा देतात. लेखी काही देण्याआधी एचआरला विचारून घ्या.