कमिशन ‘मिळवलं’ कधी, हे आधी विचारा

प्रश्न: सेल्समधल्या नव्या नोकरीचं ऑफर लेटर आलंय. पगार आत्ताच्यापेक्षा कमी आहे, पण वर्षाचा कोटा ओलांडला की पुढच्या विक्रीवर दुप्पट दराने कमिशन मिळेल. वर एक मर्यादा आहे, ‘पण तिथपर्यंत कुणी पोचतच नाही,’ असं एचआर म्हणतात. लेटरमध्ये फक्त ‘कमिशन कंपनीच्या प्रचलित योजनेनुसार’ एवढंच लिहिलंय. मागच्या नोकरीत राजीनामा दिला आणि आधी केलेल्या विक्रीचं कमिशन बुडालं. तिथली योजना मी न वाचताच सही केली होती. परवा सही करायची आहे. करू का?

उत्तर: परवा नाही. योजनेचा कागद हातात येईपर्यंत नाहीच. एकदा न वाचता सही करून पैसे गेले, आणि आता दुसरी योजना न पाहता तारीख ठरवून बसला आहात, याचं मला नवल वाटतं. अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात, आणि त्यातली बहुतेक राजीनाम्यानंतर येतात.

कागद आला की दुप्पट दराच्या रकान्याकडे आधी जाऊ नका. कमिशन ‘अर्जित’ कधी होतं, ते वाक्य शोधा. ऑर्डर आल्यावर, बिल निघाल्यावर, की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर? त्याच्याच आसपास दुसरं वाक्य सापडेल: पेआउटच्या तारखेला कर्मचारी नोकरीत असला पाहिजे. तुमचं आधीचं कमिशन बहुधा याच वाक्याने खाल्लं.

हिशेब करून पाहा. वर्षाचा कोटा १०० धरा, कमिशन १० टक्के, कोट्यावरच्या विक्रीला २० टक्के. तुम्ही वर्षभरात १२० विकलेत. ऑर्डरवर मोजणी असेल तर पहिल्या १०० चे १० आणि वरच्या २० चे ४, एकूण १४. आता मोजणी वसुलीवर आहे असं समजा. शेवटच्या दोन महिन्यांत तुम्ही ३० ची विक्री केली आणि ग्राहकांना ६० दिवसांची उधारी आहे. ते ३० यंदा धरलेच जात नाहीत. यंदाची विक्री ९०, कमिशन ९, आणि दुप्पट दर तुमच्या वाट्याला आलाच नाही. उरलेले ३० पुढच्या वर्षाच्या कोट्यात साध्या दराने जातील, म्हणजे ३. तो कोटा तोपर्यंत वाढवलेला असला, तर पुढच्या वर्षीही दुप्पट दर लांबच राहील. त्यात पेआउट तिमाही संपल्यावर होणार असेल आणि तुम्ही त्याआधी निघालात, तर ते ३ ही गेले. तीच मेहनत, तेच ग्राहक, आणि हाती १४ ऐवजी ९.

एचआरच्या त्या तोंडी आश्वासनाचंही गणित मांडा. मर्यादा ठरलेल्या कमिशनच्या दीडपट, म्हणजे १५ असेल, तर १२५ विकल्यावर तुम्ही तिथे पोचता. दुप्पट दर चालतो तो फक्त शेवटच्या २५ पुरता. कुणीच पोचत नसेल तर मर्यादा काढून टाकायला कंपनीची हरकत नसावी. तसं विचारून पाहा, उत्तरावरून बरंच कळेल. आणि करारात ‘लेखी मजकुराबाहेरचं काहीही बंधनकारक नाही’ असं कलम असेल, तर तोंडी बोललेल्याला फारसा अर्थ उरत नाही.

आज एक ईमेल पाठवा. चालू वर्षाची योजना मागा, तुमचा कोटा आकड्यात मागा, आणि ऑफर लेटरमध्ये हा मजकूर घालायला सांगा: ‘ग्राहकाला बिल दिलं त्या दिवशी कमिशन अर्जित झालं असं मानलं जाईल. नोकरी कोणत्याही कारणाने संपली तरी तोपर्यंत अर्जित झालेलं कमिशन नेहमीच्या तारखेला दिलं जाईल.’ कंपनी म्हणेल, ग्राहकाने पैसे बुडवले तर? बुडालेल्या बिलापुरतं कमिशन परत घेण्याची अट मान्य करा, ती रास्त आहे. फक्त तिला सहा महिन्यांसारखी मुदत घालून घ्या.

योजना कधीही बदलण्याचा अधिकार कंपनी बहुधा राखून ठेवते. पुढच्या विक्रीपुरता तो सहसा टिकतो. झालेल्या विक्रीवर मागे जाऊन लावता येतो का, हे तुमच्या करारावर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून आहे. ‘नोकरीत असला पाहिजे’ ही अटही काही ठिकाणी कोर्टात टिकत नाही, कारण अर्जित कमिशन तिथे वेतन धरलं जातं. पण त्या भरवशावर सही करू नका. कायदा तुमच्या बाजूने असला तरी तीन महिन्यांच्या कमिशनसाठी वर्षानुवर्षं तारखा घेणं परवडत नाही, आणि हे कंपनीच्या वकिलालाही ठाऊक असतं.

कंपनी एक शब्दही बदलायला तयार नसेल तर नोकरी नाकाराच असं मी म्हणणार नाही. मात्र तेव्हा कमिशन शून्य धरून नुसता पगार पुरतो का ते पाहा, आणि पुढे कधी निघायचं झालं तर राजीनाम्याची तारीख पेआउटनंतरची ठेवा.

जुन्या कमिशनच्या दाव्याला कायद्याने मुदत असते आणि ती आत्ताही सरते आहे. जुनं नेमणूकपत्र, ती योजना आणि शेवटच्या तिमाहीची बिलं घेऊन याच आठवड्यात तुमच्या भागातल्या कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा.