पंखा मंद फिरतो, गुणगुणतो: कपॅसिटर की बेअरिंग?

आधी एमसीबी पाडा आणि पातं हाताने हलकेच ढकला. मोकळेपणाने फिरून सावकाश थांबलं, तर बेअरिंग बहुतेक ठीक आहे. एक-दोन फेऱ्यांत अडखळलं, खरखरलं किंवा मोटर धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर बेअरिंग झिजलंय. तिथे कपॅसिटर बदलून पैसे वाया जातील.

पातं मोकळं, तरी रेग्युलेटर पूर्ण ठेवूनही वेग नाही? मग कपॅसिटर मोजा. तो पंख्याच्या दांडीवरच्या वाटीत असतो. साधारण ४८ इंची पंख्यात २.५ मायक्रोफॅरडचा असतो. (बीएलडीसी पंख्याला हे लागू नाही.) वायर सोडवण्याआधी टेस्टरने वीज नसल्याची खात्री करा आणि कपॅसिटरची दोन टोकं रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. मल्टिमीटरवर १.६ आलं, तर दोष सापडला. सुरू होताना नुसता गुणगुणणारा पंखाही हेच सांगतो, कारण स्टार्टिंग वाइंडिंगला पुरेसा करंट मिळत नाही.

नवा कपॅसिटर जुन्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा घ्या, ४४० व्होल्टचा. ‘जास्त वेग येईल’ म्हणून ३.१५ चा बसवू नका, वाइंडिंग तापते. बेअरिंग मात्र जोडीनेच बदला, नंबर जुन्यावर कोरलेला असतो.