पॅकिंग इथलं, मध कुठला?

“ऑनलाइन घेतलेल्या मधाच्या पानावर मूळ देश ‘भारत’ आहे. मला शंका आल्याने चॅटवर पत्र लिहिलं, तर ‘प्रक्रिया आणि पॅकिंग भारतात होतं, म्हणून मूळ देश भारत’ एवढंच उत्तर आलं. चार महिने झाले, बाटली अर्धी संपली. आता काय करू?”

मध मुळात भारतातच गोळा झाला, असं विक्रेत्याने कुठेही म्हटलेलं नाही. सगळं प्रकरण इथेच अडतं. अन्नपदार्थांच्या लेबलिंगच्या 2020 च्या विनियमांत आयात मालाविषयी एक कलम आहे: दुसऱ्या देशातल्या प्रक्रियेने पदार्थाचं मूळ स्वरूपच बदललं, तरच प्रक्रियेचा देश हा मूळ देश. मध गरम करून गाळला, पाण्याचा अंश कमी केला, बाटलीत भरला, तरी तो मधच राहतो. पिंपातून मध आयात करून इथे बाटल्या भरल्या असतील, तर हाच युक्तिवाद करता येईल. ग्राहक आयोग तो मान्य करीलच, अशी खात्री मी देणार नाही.

चॅटवर लिहून तुम्ही चार महिने घालवलेत. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पत्र तक्रार अधिकाऱ्याकडे जायला हवं. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. विक्रेत्यालाही स्वतंत्र पत्र धाडा. मध खरा की खोटा हा वाद त्यात नको, नेमकं विचारा:

“ऑर्डर क्रमांक अमुक, लॉट क्रमांक तमुक. या लॉटमधला मध कोणत्या देशात गोळा झाला? आयात असल्यास आयातदाराचं नाव-पत्ता, त्याचा खाद्य परवाना क्रमांक आणि बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक व तारीख कळवा.”

सोबत बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो आणि विक्रीच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडा. तो आजच काढा, ही पानं एका रात्रीत बदलतात.

परागकणांवरून मध कुठला याचा अंदाज बांधता येतो, पण बारीक गाळलेल्या मधात ते फारसे उरत नाहीत. शिवाय उघडी बाटली म्हटली की समोरचा वकील भेसळीचा आरोप तुमच्यावरच ढकलणार. त्याच लॉटची सीलबंद बाटली मिळाली तर घेऊन ठेवा, उघडू नका. तपासणीची गरज पडल्यास आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो.

महिन्यात उत्तर आलं नाही किंवा टाळाटाळीचं आलं, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. खरेदीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद नको. प्रयोगशाळेची तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि त्याचा मला संताप येतो. तरीही कागद आधी जमवलेत, तर निदान तुमच्याकडून पुढची तारीख मागावी लागणार नाही.