वर्गात प्रोजेक्टरचा पडदा किती मोठा घ्यायचा? शेवटच्या बाकापासून मोजा

सर, वर्गाची लांबी-रुंदी कळवलीत ते बरं झालं, पण दुकानात जाऊन "१०० इंची द्या" म्हणू नका. ते माप कर्णाचं असतं. तुम्हाला हवी आहे पडद्याची उंची, आणि ती ठरते शेवटच्या बाकावरून.

तुमचा वर्ग ३० फूट लांब, २० फूट रुंद, छत १० फुटांवर. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे डोळे पडद्यापासून साधारण २७ फुटांवर येतील. वाचायचा मजकूर दाखवायचा असेल तर या अंतराला ६ ने भागा: उंची साडेचार फूट. १६:९ चित्राला रुंदी ८ फूट, म्हणजे कर्ण ११० इंच.

आता छत बघा. पुढच्यांची डोकी आड येऊ नयेत म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर हवी. वरची कड साडेआठ फुटांवर जाते, म्हणजे बसतो. पहिला बाक पडद्याच्या रुंदीइतका, ८ फूट तरी मागे ठेवा. त्याहून जवळ मुलांची मान आखडते.

खोली ४० फुटी असती तर हा हिशेब छतालाच अडला असता. तिथे मी मागचे बाक पुढे घेतो किंवा मध्यावर एक टीव्ही लावतो.

आणि प्रोजेक्टर टांगण्याआधी पंखे लावून बघा. आमच्याकडे पात्यांची सावली चित्रावर फिरत होती, ते ड्रिलिंग झाल्यावर कळलं.