कुंथूनही पोट साफ होत नाही: बायोफीडबॅकचा उपयोग होतो का?

प्रश्न: शौचाला खूप कुंथावं लागतं, तरी थोडं आत राहिल्यासारखं वाटतं. ओटीपोटात खाली ठणकतं. इसबगोलने फरक नाही. डॉक्टर बायोफीडबॅक म्हणतात. उपयोग होईल?

उत्तर: आधी मॅनोमेट्री, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी, आणि फुग्याची चाचणी झाली का, ते बघा. गुदाशयात ५० मिलि पाण्याचा छोटा फुगा ठेवून तो शौचासारखा बाहेर टाकायला सांगतात. साधारण मिनिटभरात तो निघाला नाही आणि जोर लावताना गुदद्वाराचा दाब उतरण्याऐवजी चढला, तर दोष स्नायूंच्या ताळमेळाचा. दार आतून ढकलायचं आणि बाहेरून दाबून धरायचं, तसं. म्हणूनच इसबगोल मल मऊ करतं, पण दार उघडत नाही.

असं असेल तर बायोफीडबॅक हाच मुख्य उपचार, आणि बहुतेकांना गुण येतो. गुदद्वारात बारीक सेन्सर असतो, दाबाची रेघ पडद्यावर दिसते. श्वास पोटात घ्यायचा, पोट पुढे फुगवून हलका जोर द्यायचा आणि त्याच वेळी ती रेघ उतरते का ते बघायचं. चूक इथेच होते: लोक श्वास कोंडून पूर्ण ताकद लावतात आणि रेघ वर उसळते. सहसा एक-दोन आठवड्यांच्या अंतराने ४ ते ६ बैठका लागतात. घरी रोजचा सराव वेगळा.

कीगल, म्हणजे खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, मनाने करू नका, आधीच आवळलेले स्नायू आणखी आवळतील आणि ठणका वाढू शकतो. कमोडवर पायांखाली पाट घ्या, दहा मिनिटांत उठा. रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल तर आधी त्याची तपासणी.